कामगाराचा मोबाईल ही दुकानाची भिंत नव्हे

पुणे-नाशिक मार्गावर खेड सोडले आणि मंचरच्या दिशेने निघाले, की वाटेत पेठ लागते. सातगाव पठारावरचे हे गाव. या पठारावरचा खरिपाचा बटाटा सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याच्या कडेच्या घरांच्या भिंती पाहिल्या, तर खतांच्या, बियाण्यांच्या, सिमेंटच्या जाहिराती रंगविलेल्या दिसतात. ज्याला कोणाला आपली जाहिरात अशी रंगवायची असते, त्याला आधी घरमालकाला विचारावे लागते. कोणी पैसे मागतो, कोणी भिंत फुकट रंगवून मिळते म्हणून राजी होतो आणि कोणी सरळ नाही म्हणतो. नाही म्हटले म्हणून कंपनीचा माणूस त्याच्याशी भांडत नाही, पुढच्या घराकडे जातो.

आज अशीच एक भिंत प्रत्येक कामगाराच्या खिशात आहे. तिचे नाव व्हॉट्सॲपचे स्टेटस किंवा फेसबुकचे खाते. आमच्या छोट्या धंद्यातील अनेक मालकांनी ही भिंत मात्र न विचारता रंगवायला घेतली आहे. "आपल्या वर्कशॉपची पोस्ट सर्वांनी आपापल्या स्टेटसला ठेवा" असा निरोप सकाळी ग्रुपवर पडतो आणि संध्याकाळपर्यंत सर्वांच्या मोबाईलवर तोच फोटो झळकतो. मालकाला वाटते, मुले किती आपुलकीने वागतात! आमच्या मते येथेच मोठी गफलत होते. पोस्ट ठेवू नये असे आम्हांला म्हणावयाचे नाही. कामगाराने आपल्या कामाचा फोटो आपल्या माणसांना दाखवावा, यासारखी चांगली जाहिरात छोट्या धंद्याला दुसरी नाही. प्रश्न एवढाच आहे की ती त्याने आपणहून दाखविली की मालकाच्या धाकाने.

आता धाक कोठून आला, असे कोणी विचारील. "आम्ही तर फक्त विनंती केली." मोठ्या कंपनीत हजार माणसे असतात. तेथे साहेबाच्या विनंतीकडे एखाद्याने दुर्लक्ष केले तर ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे सात-आठ माणसे. मालक रोज समोर बसलेला. सुटी त्याला मागायची, घरात आजारपण निघाले तर पैसे त्याच्याकडे मागायचे. ज्या कामगाराने बहिणीच्या लग्नासाठी उचल घेतली आहे आणि ती दरमहा पगारातून फिटत आहे, तो मालकाच्या विनंतीला नाही कसा म्हणणार? छोट्या धंद्यात मालकाची विनंती आणि मालकाचा हुकूम यांत शब्दाचाच काय तो फरक असतो. म्हणून कोणी नाही म्हटले नाही, एवढ्यावरून सर्वांची राजीखुशी होती असे समजू नये.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक वर्कशॉप कल्पू या. पेठ येथे महामार्गालगत ट्रॅक्टरची ट्रॉली, सरी पाडण्याचे रिजर आणि बटाटा काढण्याचे यंत्र तयार होते, असे समजा. कामावर आठ माणसे आहेत. एक मिस्त्री, दोन वेल्डर, एक रंगारी, तीन हेल्पर आणि हिशेब पाहणारी एक मुलगी. मालक जुन्या वळणाचा आहे. त्याच्या मुलाने मात्र वर्कशॉपचे फेसबुक पान काढले आहे. पानावरची पोस्ट सर्व अनुयायांना दिसतेच असे नाही, हे मुलाला लवकरच कळते. मग तो कामगारांच्या ग्रुपवर लिहितो, "आज संध्याकाळपर्यंत सर्वांनी स्टेटस ठेवून स्क्रीनशॉट टाकावा." आमचा अनुभव असा की दडपण बहुधा मालकाकडून येत नाही. ते मालकाच्या मुलाकडून नाही तर मिस्त्रीकडून येते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

संध्याकाळी आठ स्क्रीनशॉट जमा होतात. मुलगा हिशेब मांडतो. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दोनशे नंबर धरले तर सोळाशे लोकांनी आपला बटाटा काढण्याचा यंत्र पाहिला! हा हिशेब चुकीचा आहे आणि तो कोठे चुकतो हे नीट पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, व्हॉट्सॲपचे स्टेटस आपल्या मोबाईलमधील प्रत्येकाला दिसत नाही. आपण त्याचा नंबर जतन केलेला असावा आणि त्यानेही आपला नंबर जतन केलेला असावा, तेव्हाच ते दिसते. ते चोवीस तासच राहते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आठांपैकी पाच जण एकाच गावचे आणि एकाच आळीतले असतील, तर त्यांच्या मोबाईलमधली माणसेही बहुतेक तीच असतात. म्हणजे सोळाशे माणसांनी एकदा फोटो पाहिला असे होत नाही. थोड्याच माणसांनी तोच फोटो पाच-पाच वेळा पाहिला, असे होते. हे आठवड्यातून चार दिवस चालले की लोक कंटाळतात आणि त्या कामगाराचे स्टेटस बंद करून ठेवतात. तशी सोय मोबाईलमध्ये आहे आणि बंद केल्याचे ज्याचे स्टेटस आहे त्याला कळतही नाही.

यात नुकसान कोणाचे झाले ते पाहा. वर्कशॉपचा एक फोटो कोणी पाहिला नाही, एवढ्याने काही बिघडत नाही. पण उद्या त्याच हेल्परने भावाच्या लग्नाचे आमंत्रण, ईदच्या शुभेच्छा किंवा घरातल्या दुःखाची बातमी स्टेटसला ठेवली, तर तीही त्याच्या नातेवाइकांना दिसणार नाही. दुकानाच्या जाहिरातीने त्याची स्वतःची वाट बंद केली.

दुसरे नुकसान याहून खोल आहे. समजा हेल्परच्या स्टेटसवर ट्रॉलीचा फोटो आणि खाली किंमत आहे. गावातला चुलता विचारतो, "काय रे, एवढ्यात मिळेल का?" पुतण्या म्हणतो, "हो चाचा, मिळेल." महिन्याभराने चुलता पैसे घेऊन येतो, तोवर लोखंडाचा भाव वाढलेला असतो आणि मालक जास्त किंमत सांगतो. चुलत्याने स्क्रीनशॉट जपून ठेवलेला असतो. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते, स्क्रीनशॉट पुसला जात नाही. आता शब्द कोणाचा खोटा ठरला? मालकाचे दुकान पेठेत आहे, पण चुलत्याच्या घरी जेवायला बसायचे ते पुतण्याला. ट्रॉलीचा जोड तुटला, रंग उडाला, माल वेळेवर मिळाला नाही, तरी पहिला फोन त्यालाच येईल, तोही रात्री दहा वाजता. मालक जेव्हा कामगाराचे स्टेटस मागतो, तेव्हा तो त्याच्या नात्यागोत्यातली पत उधार मागत असतो. एवढी मोठी उधारी कागदावर न लिहिता, न विचारता घेणे हा व्यवहार नव्हे.

मग करावे काय? आम्ही येथे जे सुचवितो ते वर्कशॉपप्रमाणेच बेकरीला, फर्निचरच्या कारखान्याला, गादीच्या दुकानाला किंवा गॅरेजला लागू पडेल.

सर्वप्रथम कामाची जाहिरात आणि कामगाराचा मोबाईल या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. वर्कशॉपचे पान चालविणे, फोटो काढणे, ग्राहकांना उत्तरे देणे हे काम आहे. ते कामाच्या वेळेत व्हावे आणि जो करील त्याला त्याचा मोबदला मिळावा. आपल्या उदाहरणात हिशेब पाहणाऱ्या मुलीला हे काम जमत असेल, तर तिला विचारून, त्यासाठी वेळ काढून आणि पगारात त्याची दखल घेऊन ते तिच्याकडे द्यावे. त्यासाठी वर्कशॉपचा वेगळा नंबर घ्यावा. तिच्या स्वतःच्या नंबरवर अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले, तर उद्या ती कामच सोडून जाईल. जाहिरातीत कोठेही कामगाराचा नंबर असू नये, दुकानाचा असावा.

यानंतर एक दिवस मालकाने स्वतः सर्वांसमोर बोलावे. मुलामार्फत किंवा मिस्त्रीमार्फत निरोप पाठवू नये. बोलणे थोडे असावे, पण स्पष्ट असावे. "आपण केलेल्या कामाचे फोटो ग्रुपवर येत राहतील. ज्याला आवडेल त्याने आपल्या स्टेटसला ठेवावा, ज्याला नको त्याने ठेवू नये. कोणी ठेवला आणि कोणी ठेवला नाही, हे मी पाहणार नाही आणि कोणी मला सांगायचेही नाही. पगार, सुटी, उचल यांच्याशी त्याचा काही संबंध नाही." एवढेच. हे पगाराच्या दिवशी बोलू नये. उचल मागायला आलेल्या माणसाजवळ तर मुळीच बोलू नये. एकेकाला बाजूला घेऊन विचारू नये, कारण चौघांत गप्प राहता येते, एकट्याला समोरासमोर नाही म्हणणे जड जाते.

बोलणे सोपे आहे, पाळणे कठीण. कारण मालकाच्या मोबाईलमध्ये कामगारांचे स्टेटस आपोआप दिसते. कोणी ठेवले, कोणी नाही हे न विचारताही कळते. येथे मालकाने स्वतःला आवर घातला पाहिजे. "काय उस्ताद, तुमच्या स्टेटसला आपला फोटो दिसला नाही!" हे वाक्य हसत म्हटले तरी ते हुकूमच होते. ते एकदा उच्चारले की आधीचे सारे आश्वासन फुकट गेले. स्क्रीनशॉट मागणे आणि किती लोकांनी पाहिले ते विचारणे या गोष्टी तर कायमच्या बंद कराव्यात. एखाद्या कामगाराने मालकाला वगळून आपले स्टेटस ठेवण्याची सोय वापरली असेल, तर त्यातही राग मानण्याचे कारण नाही. घराच्या खिडकीला पडदा लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कारणे अनेक असतात आणि ती सांगण्यासारखी असतातच असे नाही. कोणी आपला किंवा माणसांचा फोटो ठेवणे दीनदारीच्या दृष्टीने पसंत करीत नाही. एखाद्या मुलीच्या घरच्यांना तिचा चेहरा चारचौघांत गेलेला चालत नाही. कोणावर गावात उधारी असते आणि आपण कोठे कामाला आहोत हे त्याला सांगायचे नसते. कोणाच्या भावाचे शेजारच्या गावात तशाच मालाचे दुकान असते. कारण विचारले की माणूस खोटे सांगतो किंवा नाइलाजाने मान तुकवतो. दोन्ही आपल्या धंद्याच्या हिताचे नाही.

येथे काही मंडळी म्हणतील, दडपण नको तर बक्षीस देऊ. स्टेटस ठेवणाऱ्याला महिन्याला शंभर रुपये! आम्हांला हाही मार्ग बरोबर वाटत नाही. ज्याने ठेवले नाही त्याचे शंभर रुपये कापले गेले, असाच त्याचा अर्थ कामगार लावतो. शिवाय पैसे घेऊन बोललेल्या शब्दाला वजन राहत नाही. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने २०१८ च्या सुमारास आपल्या गोदामांतील काही कामगारांना ट्विटरवर कंपनीची बाजू मांडण्याच्या कामाला लावले होते. नोकरीचा भाग म्हणून ते लिहीत. गोदामातील कामाविषयी कोणी टीका केली की त्याला उत्तर देत आणि आपण किती समाधानी आहोत ते सांगत. लोकांना त्या उत्तरांतला एकसारखा सूर ओळखू आला. त्यांची टिंगल झाली, त्यांच्या नकला करणारी खोटी खातीही निघाली. हा उपक्रम कंपनीने गुपचूप बंद केल्याच्या बातम्या जानेवारी २०२२ मध्ये आल्या. जे त्या अफाट कंपनीला पैसे खर्चून साधले नाही, ते आपल्याला शंभर रुपयांत कसे साधणार?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. टेक्सासमधील संडे रायली या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत मालकिणीने जुलै २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवून सांगितले की प्रत्येकाने वेगवेगळ्या नावांनी तीन खाती उघडावीत आणि विक्रीच्या संकेतस्थळावर आपल्या मालाची तारीफ लिहावी. कोणी वाईट अभिप्राय लिहिला असेल तर त्यावर नापसंती नोंदवावी. ओळख पटू नये म्हणून इंटरनेटचा पत्ता कसा लपवावा हेही सांगण्यात आले. २०१८ मध्ये कंपनीत पूर्वी काम केलेल्या एका व्यक्तीने तो ई-मेल उघड केला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाई केली आणि २०२० मध्ये अंतिम आदेश काढला. दंड झाला नाही, पण कंपनीची अब्रू जगभर गेली. यात ध्यानात घेण्याची गोष्ट ही की हे प्रकरण ग्राहकाने नव्हे, घरच्याच माणसाने उघडकीस आणले. ज्याच्याकडून मनाविरुद्ध खोटे वदवून घेतले जाते, तो ते कधी ना कधी बोलतोच.

आपल्याकडेही काही दुकानदार कामगारांना गुगलच्या नकाशावर दुकानाला पाच तारे द्यायला लावतात. त्यांना वाटते, यात कोणाचे काय बिघडले? अभिप्राय ही ग्राहकाची साक्ष असते. नोकराने ग्राहक बनून दिलेली साक्ष खोटी ठरते आणि गुगलच्या नियमांतही स्वतःच्या किंवा आपण काम करतो त्या दुकानाविषयी असा अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. स्टेटसचे तसे नाही. स्टेटसमध्ये कामगार आपल्या नावाने, आपल्या माणसांशी बोलतो. तेथे अट एकच, आपण तेथे कामाला आहोत हे लपवू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही शिफारस करणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा असा काही संबंध असेल की जो लोकांना सहज कळणार नाही, तर तो उघड करावा असे म्हटले आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये नामवंत आणि समाजमाध्यमांवरील प्रभावी मंडळींसाठी काढलेल्या पुस्तिकेत नोकरीचे नातेही अशा संबंधांत धरले आहे. आपल्या हेल्परला कायद्याची भीती घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. "मी येथे काम करतो, हे यंत्र आम्ही बनविले" हे एक वाक्य फोटोखाली असले की काम भागते. आणि खरे सांगायचे तर तेच वाक्य गिऱ्हाईक आणते.

आता फोटोंविषयी. कामगार कोणता फोटो आपणहून ठेवतो? "भव्य सवलत, त्वरा करा" असे लिहिलेला रंगीत कागद कोणीही आनंदाने आपल्या स्टेटसला ठेवीत नाही. त्यात त्याचे स्वतःचे काही नसते. पण ज्या यंत्रावर तो तीन दिवस राबला, ते रंगून, सजून ट्रॅक्टरला जोडून वर्कशॉपबाहेर निघते, तेव्हा तो न सांगता मोबाईल बाहेर काढतो. मालकाने एवढेच करावे की त्या वेळी पाच मिनिटे काम थांबले म्हणून ओरडू नये. वेल्डरने घातलेल्या जोडाचा जवळून काढलेला फोटो, रंगाऱ्याने काढलेल्या नक्षीचा फोटो, शेतात बटाटे काढताना चालणाऱ्या यंत्राची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, ही खरी सामग्री. फोटोत शेतकरी किंवा त्याचे शेत दिसत असेल तर त्याला आधी विचारावे. फोटोसोबतचा मजकूर तयार करून देऊ नये. ज्याला लिहायचे त्याने आपल्या भाषेत लिहावे. किंमत मात्र कोणीच लिहू नये. किंमत दुकानात सांगावी किंवा दुकानाच्या पानावर तारखेसह लिहावी, म्हणजे चुलत्या-पुतण्याचा तंटा होणार नाही.

वेळही पाहावी. सातगाव पठारावर बटाट्याची लागवड पावसाच्या सुरुवातीला होते आणि तीन महिन्यांनी काढणी येते. सरी पाडण्याच्या रिजरचा फोटो शेतकऱ्याला लागवडीच्या आधी उपयोगी, काढणी यंत्राचा काढणीच्या आधी. एरवी वर्षभर रोज फोटो टाकत राहण्याची गरजच नाही. हंगामात आठवड्याला एखाद-दुसरा फोटो ग्रुपवर पडला, तरी पुष्कळ झाला.

कामगाराला आणखी एक हक्क द्यावा आणि तो मालकाने तोंडाने बोलून द्यावा. "हा माल मी माझ्या माणसांना दाखविणार नाही" असे म्हणण्याचा हक्क. कधी घाईत पातळ पत्रा वापरला जातो, कधी जोड कच्चा राहतो. मालकाला ते दिसत नाही किंवा तो काणाडोळा करतो. वेल्डरला ते पक्के ठाऊक असते. ज्या मालाचा फोटो वर्कशॉपमधला एकही कामगार ठेवीत नाही, त्या मालाकडे मालकाने पुन्हा एकदा नीट पाहावे. त्याची तपासणी फुकटात झालेली आहे. सक्ती केली की हा इशारा बंद होतो, कारण मग चांगल्या आणि वाईट मालाचे फोटो सारखेच झळकतात.

मग कोणी विचारील, कामगारांवर नजर ठेवायची नाही, मोजायचे नाही, तर फायदा होतो की नाही हे कळणार कसे? त्याला जुनाच उपाय आहे. गल्ल्यावर एक वही ठेवावी. नवे गिऱ्हाईक आले की विचारावे, "आमचे नाव कोठून कळले?" रस्त्यावरून पाहिले, पाहुण्यांनी सांगितले, फेसबुकवर पाहिले, कोणाच्या तरी स्टेटसला पाहिले, असे चार रकाने पुरेत. कोणाच्या स्टेटसला, ते लिहू नये, नाहीतर कामगारांत चढाओढ आणि हेवा सुरू होईल. एका हंगामाची वही पाहिली की चित्र स्पष्ट होते. कदाचित असेही दिसेल की स्टेटसवरून फारच थोडे गिऱ्हाईक आले आणि बहुतेक जण शेजाऱ्याच्या शेतात यंत्र चालताना पाहून आले. तसे असेल तर तेही कळणे बरे. स्टेटस ओळखीच्या माणसांपर्यंत पोहोचते. जुन्नरच्या किंवा शिरूरच्या अनोळखी शेतकऱ्यापर्यंत ते बहुधा पोहोचणार नाही. त्यासाठी वेगळी जाहिरात करावी लागेल आणि तिचा खर्च मालकाने करावा.

आपल्याकडे दडपण आहे की नाही, हे ओळखण्याची खूण शेवटी सांगतो. आठही कामगारांच्या मोबाईलवर एकाच तासात तोच फोटो, तोच मजकूर दिसला, तर मालकाने खुश होऊ नये, चौकशी करावी. कोणी तरी हुकूम सोडला आहे. याउलट दोघा-तिघांनीच फोटो ठेवला, तोही वेगवेगळ्या दिवशी, एकाने "आमच्या हातचे काम" असे लिहिले आणि बाकीचे पाच जण गप्प राहिले, तर सारे ठीक चालले आहे असे समजावे. त्या दोघा-तिघांचा शब्द त्यांच्या गावात चालतो, कारण तो त्यांचा स्वतःचा आहे.

आमच्या व्यापारी बंधूंना आमचे सांगणे इतकेच की येत्या शुक्रवारी नमाजनंतर घरी परतल्यावर आपल्या कामगारांचा ग्रुप उघडावा आणि गेल्या महिन्यात आपण किंवा आपल्या मुलाने त्यावर काय काय लिहिले, ते वाचून पाहावे. "सर्वांनी ठेवा", "कोणी ठेवले नाही?", "स्क्रीनशॉट टाका" असे शब्द सापडले, तर दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर सर्वांसमोर सांगावे की ते शब्द आम्ही मागे घेतले. काही दिवस स्टेटस कमी दिसतील. त्याची काळजी करू नये. जे दिसतील ते खरे असतील.